हुमणीचं औषध

निमगाव केतकीत येऊन कुणी विजयसिंहांचं कृषी सेवा केंद्र कुठं असं विचारलं, तर माणसं क्षणभर विचारात पडतात. दिशाताईंचं दुकान म्हटलं की लगेच बोट दाखवतात. दुकान विजयसिंहांचं, भांडवल त्यांचं, पाटीवर फोटोही त्यांचाच. पण गल्ल्यामागच्या भिंतीवर कीटकनाशकांचा परवाना लटकतो ना, त्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून नाव आहे दिशा मखरे, बी.एस्सी. ॲग्री, यांचं. कायद्याला शिकलेलं माणूस लागतं, आणि विजयसिंह बारावीनंतर कॉलेजच्या वाटेला गेले नव्हते.

दिशा मूळची बारामतीची. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, शिक्षण तिथंच झालं, आणि लग्न होऊन ती निमगावात आली. वय आता अडतीस. उंच, सावळी, बोलायला फटकळ. गिऱ्हाईक औषध मागायला आलं की ही बाई त्याची उलटतपासणी घेते. पीक कोणतं, क्षेत्र किती, फवारणार कोण, घरात लहान मूल आहे का. एखाद्याला महागडं टॉनिक विकायचं सोडून "आठ दिवस पाणी कमी द्या, काही नको" असं सांगून माघारी धाडते. विजयसिंह कपाळाला हात लावतात. "ताई, तुमी दुकान चालवता का पोलीस ठाणं?" असं त्यांनी चारचौघांत विचारून झालंय. पण माणसं तिच्याकडंच येतात, म्हणून गप्प बसतात.

लोकांना वाटतं, शिकलेली आहे म्हणून कडक आहे. मला हे पटत नाही. शिकलेली माणसं मी ढिगानं पाहिली आहेत आणि त्यांतली निम्मी आलेल्या माणसाला नाही म्हणू शकत नाहीत. दिशाही पूर्वी म्हणू शकत नव्हती. ती कडक झाली ती गोजरबाई गेल्यानंतर.

गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा फोरेटच्या दाण्यांवर बंदी आली नव्हती. उसाच्या मुळाला हुमणीची अळी लागली की लोक ते काळपट दाणे सरीत टाकायचे. जहाल विष. हातमोजे घाला म्हणून पुडीवर लिहिलेलं असायचं, आणि कुणी घालायचं नाही. एका सकाळी तात्याबा नावाचा मेंढपाळ दुकानात आला आणि पाच किलोची पिशवी मागू लागला. त्याची बायको गोजरबाई बाहेर पायरीवर बसली होती. तिनं प्यायला पाणी मागितलं, दिशानं तांब्या दिला, गोजरबाई वरून ओंजळीत घेऊन पाणी प्यायली आणि तिनं तांब्या पदरानं पुसून परत केला.

बिलावर पिकाचं नाव लिहायची दुकानाची पद्धत होती. दिशानं विचारलं, "कशासाठी?"

"हुमणी लागलीया," तात्याबा म्हणाला.

आता तात्याबाला गुंठाभर रान नव्हतं हे अख्ख्या निमगावाला माहीत होतं. आठ महिने हा माणूस मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचा. लांडग्यानं त्याची कोकरं उचलली होती, ही बातमीही चार दिवस बाजारात फिरत होती. दिशाला सगळं कळलं. कळलं आणि तिला हसू आलं. "ऊस कुठाय तात्याबा तुमचा, मेंढरांच्या पाठीवर?" असं ती म्हणाली. तोही खाली मान घालून हसला. मागं तीन गिऱ्हाइकं उभी होती, कोण वाद घालत बसणार. तिनं बिलावर लिहिलं, 'पीक ऊस, कीड हुमणी', आणि पिशवी पुढं सरकवली.

लांडगा मेला की नाही हे कुणालाच कळलं नाही. मेल्या कोकराला लावून उरलेले दाणे तात्याबानं एका डब्यात भरले आणि डबा घोड्यावरच्या बिऱ्हाडात टाकला. बिऱ्हाडात सगळं एकत्रच असतं, मीठ, हळद, मेंढरांची औषधं. महिन्याभरानं मेंढरांना गोचीड झाली. गोजरबाईला वाटलं, किड्याचं औषध आहे, गोचीडही मरेल. तिनं ते दाणे तेलात कालवले आणि उघड्या हातानं एकेका मेंढीच्या पाठीवर चोळत बसली. अकरा मेंढ्या झाल्या आणि तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. बारामतीला न्यायला जीप केली, पण लासुर्ण्याच्या अलीकडंच तिचा जीव गेला.

पोलीस आले, बिल पाहिलं, अपघाती मृत्यू अशी नोंद केली. परवाना असलेल्या दुकानातून मालाची रीतसर विक्री झाली होती. दिशाला कुणी काही विचारलं नाही आणि तिनंही कुणाला काही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

तेव्हापासून गोजरबाई दुकानाच्या पायरीवर बसते. हे मी गंमत म्हणून सांगत नाही आणि भुताखेताची गोष्टही सांगत नाही. दिशा भुतं मानत नाही, तिच्या घरात ती शिकवणच नाही. पण बाजारच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली की तिला पायरीवर पाठमोरी बाई दिसते, ओंजळ पुढं केलेली. पाण्याची वाट बघत बसल्यासारखी. दिशा नजर वळवते आणि मोरीवर जाऊन साबणानं हात धुते. दिवसातून वीस वेळा धुते. विजयसिंहांना वाटतं, बाईला स्वच्छतेचं वेड आहे.

तर परवाच्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळचे साडेदहा झाले असतील. एक तिशीतला गडी दुकानात आला. डोक्याला तांबडं मुंडासं, पायात जाड वहाणा, धोतराला रक्ताचे डाग. दिशानं त्याला याआधी कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण ते कपाळ आणि नाक तिनं ओळखलं.

"ताई, म्या संभाजी. तात्याबाचा ल्योक," तो म्हणाला. "फोरेट पायजे हुतं."

"फोरेट बंद होऊन पाच वर्षं होत आली," दिशा म्हणाली. "विकायला, बाळगायला, सगळ्यालाच बंदी आहे. आमच्याकडं नाही, कुणाकडं असलं तरी घेऊ नका."

"मग दुसरं कायबी द्या. जहाल पायजे."

"कोणत्या पिकाला?"

संभाजी खोटं बोलला नाही. बापापेक्षा तो सरळ निघाला. कडबनवाडीच्या माळावर त्याच्या मेंढरांचा वाडा, म्हणजे रात्रीचा तळ, बसला होता. पहाटे दोन लांडगी मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळीवरून आत आली, एक गाभण मेंढी आणि दोन कोकरं मारली. मेंढी ओढायच्या बेतात होती, पण कुत्री ओरडली म्हणून सगळं तिथंच टाकून पळाली. "आज सांच्याला परत येणार ती. मेलेलं खायला येत्यातच. मेंढीला लावून ठिवतो. आबा असताना तुमीच दिलं हुतं न्हवं? म्हणून तर नीट हितं आलो."

विजयसिंह गल्ल्यावर बसून ऐकत होते. त्यांनी दिशाकडं पाहिलं. दिशाचा आवाज इतका खाली गेला होता की संभाजीला पुढं वाकावं लागलं.

"मी देणार नाही, संभाजी. हे औषध पिकासाठी आहे, जनावर मारायला विकलं तर माझा परवाना जाईल, आणि जायलाच पाहिजे. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. विष घालून मारला तर तीन वर्षांच्या खाली शिक्षा नाही, सातपर्यंत जाते. तुमची पोरं-बायको माळावर, तुम्ही येरवड्यात."

"आन माजी मेंढरं? त्येंला कोन वाली?"

"वन खातं. लांडग्यानं मारलेल्या मेंढराची भरपाई मिळते. अठ्ठेचाळीस तासांच्या आत कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, वनरक्षक आणि गुरांचे डॉक्टर येऊन बघतात. आणि एक ऐका. सहा दिवसांच्या आत दहा किलोमीटरमध्ये वन्यप्राणी मेलेला सापडला तर दमडी मिळत नाही. विष घातलंत तर लांडगाही गेला, भरपाईही गेली आणि तुम्हीही गेलात. मी आत्ता फोन लावते."

संभाजीनं मान हलवली. त्याला ही सगळी बडबड वाटली, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मेंढपाळाला सरकारी कागदाचा अनुभव काय असतो? जनावर मेलं की त्याला ते हलवावंच लागतं, मेलेलं वाड्यात ठेवलं की बाकीची मेंढरं बुजतात, आणि दुसऱ्या दिवशी रान बदलायचं असतं. साहेब येईपर्यंत वाडा पुढच्या गावाला गेलेला. आजवर त्याच्या भावकीत कुणाला भरपाईचा रुपया दिसलेला नव्हता.

"ऱ्हाऊ द्या ताई," तो म्हणाला. "नका दिऊ. आबाचा जुना डबा हाय बिऱ्हाडात. टाकून द्याला मन झालं न्हाय त्याचं. निम्मा हाय अजून. जुनं झालंय, पर चालंल."

तो वळला आणि पायऱ्या उतरला.

दिशाला वाटलं, नाही म्हणणं किती सोपं होतं. नाही म्हटलं, नियम सांगितला, हात धुतले, संपलं. पण त्या डब्यातले दाणे तिच्याच दुकानातून गेले होते, त्याच दाण्यांनी एक बाई मेली होती, आणि आता तोच डबा त्या बाईचा मुलगा उघडणार होता. तिनं पायरीकडं पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं.

ती तशीच रस्त्यावर धावली. "संभाजी, थांबा. डब्याला हात लावू नका. मी येते तुमच्याबरोबर."

विजयसिंह आतून ओरडले की दुकान कोण बघणार. तिनं ऐकलं नाही. तिनं १९२६ वर फोन लावून वन खात्याला घटना कळवली, मग तिथल्या वनरक्षकाला, इंद्रजितला, वेगळा फोन केला. इंद्रजित तिच्या ओळखीचा होता, त्याच्या आईच्या डाळिंबाला हिनंच औषधं दिली होती. दोन तासांत पोचतो म्हणाला. मग तिनं हातमोजे, दोन जाड पिशव्या आणि टेप घेतला आणि स्कूटी संभाजीच्या मोटारसायकलीमागं घातली.

कडबनवाडीचा माळ हिवाळ्यात पिवळा पडतो. गुडघाभर गवत, मधेच एखादी बाभळ, आणि दूरवर कुणी नाही. संभाजीची बायको रेश्मा तान्ह्याला पदराखाली घेऊन वाघरीच्या कडेला बसली होती. दोन कोकरं जाळीजवळच पडली होती. मेंढी तिथं नव्हती.

"मेंढी कुठाय?" दिशानं विचारलं.

संभाजीनं ओढ्याकडं बोट दाखवलं. त्यानं ती सकाळीच शंभर पावलांवर ओढत नेली होती, विष लावायला सोईची जागा म्हणून. गवतात ओढल्याचा पट्टा दिसत होता. "आता साहेब इचारील तर तुमी सांगा, ताई. तितं वढ्यापाशीच मेली म्हणा. तुमी शिकलेल्या, तुमचं ऐकंल त्यो."

काम सोपं होतं. एक वाक्य, आणि गरीब माणसाला त्याचा हक्काचा पैसा. दिशाला क्षणभर मोह झाला, हे तिनंच नंतर कबूल केलं. मग तिला आठवलं की मागंही असंच एक वाक्य होतं, बिलावर लिहिलेलं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हीही नका सांगू. खरं ते सांगा. मेली कुठं ती जागा दाखवा, रक्त आहे, पायाचे ठसे आहेत. ओढली कुठं तेही दाखवा. मेंढीवर भरपाई नाकारली तर नाकारतील, कोकरं जाग्यावर आहेत. खोटं पकडलं गेलं तर तिन्हींचं जाईल."

संभाजी रागावून मेंढरांकडं गेला. दिशानं रेश्माला विचारून बिऱ्हाडातला डबा शोधला. गोडेतेलाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर फडकं बांधलेलं. तिनं हातमोजे चढवले. फडक्याला लसणासारखा उग्र वास येत होता. तिनं डबा एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत घातली, टेप गुंडाळला आणि वर पेनानं लिहिलं: फोरेट, बंदी असलेलं, उघडू नये, विक्री केली दिशा मखरे, निमगाव केतकी. हे असलं जाळायचं नाही, पुरायचं नाही, ओढ्यात तर मुळीच टाकायचं नाही. ती ते उद्या पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं देणार होती, कीटकनाशकांचे निरीक्षक तेच असतात. स्वतःचं नाव लिहिताना तिला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

इंद्रजित दीडच्या सुमाराला आला, बरोबर वनपाल आणि गुरांचे डॉक्टर. संभाजीनं सगळं खरं सांगितलं. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, चिडून सांगितलं, घ्या आता काय करायचं ते करा अशा सुरात. ओढ्याकडचा पट्टाही दाखवला. वनपालानं ठसे मोजले, मानेवरच्या दातांच्या खुणा पाहिल्या, फोटो काढले. जनावर हलवलं आहे ही नोंद पंचनाम्यात आली, आणि मूळ जागी रक्त व ठसे आढळले हीही आली. "कोकरांचं होईल," वनपाल म्हणाले. "मेंढीचं मी खरं लिहितो, ठरवणारे वरचे साहेब. पण असं स्वतःहून सांगणारा पहिलाच भेटला." संभाजीनं अंगठा उठवायला हात पुढं केला आणि मग आठवून सही केली. चौथीपर्यंत शिकलेला होता.

मेंढी आणि कोकरं वाड्यापासून थोडं बाजूला खोल पुरायची ठरली. इंद्रजितनं वाघरीची जाळी चाचपली, कमरेएवढीच होती. छातीइतकी उंच लावा, बाहेरून दोन कुत्री बांधा, आठ दिवस मीही संध्याकाळी फेरी मारतो, असं सांगून तो गेला.

सगळे गेल्यावर संभाजी खड्डा खणत राहिला. दिशा कडेला उभी होती. आता निघायला हवं होतं. पण ज्यासाठी ती खरं म्हणजे इथवर आली होती ते तिच्या जिभेवर आलं नव्हतं.

"संभाजी," ती शेवटी म्हणाली, "तुमच्या आईचं मला सांगायचंय. तात्याबा हुमणी म्हणाले तेव्हा ते खोटं बोलतायत हे मला कळलं होतं. त्यांच्याकडं ऊस नाही हे मला माहीत होतं. मी हसले आणि दिलं. नाही म्हणायला हवं होतं. तेव्हाही भरपाई मिळत होती, मी सांगू शकत होते. मी सांगितलं नाही."

संभाजीनं खोरं थांबवलं. तो ओरडेल, मारेल, असं तिला वाटलं. तिची त्याला तयारी होती. सात-आठ वर्षं ती तयारीच करत होती.

त्यानं खोरं मातीत रोवलं आणि त्याच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "आबाला म्हाईत हुतं का ह्ये? तुमाला कळलं हुतं म्हणून?"

"नाही."

"मरंस्तवर येकच बोलत हुता त्यो," संभाजी म्हणाला. आवाज शांत होता. "म्हणायचा, म्या त्या पोरीला फशिवलं. ती हसली, तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय, आन माज्यावर इस्वास ठेवून दिलं तिनं. माज्या खोट्यापायी गोजरा गेली. दुसऱ्या कुनाचा काय दोष न्हाय. ज्येवताना बोलायचा, मेंढरं राखताना बोलायचा. दोन वर्सांमागं गेला, तवाबी त्येच."

वाघरीतली मेंढरं एकमेकांना खेटून उभी होती. रेश्मा तान्ह्याला थोपटायचं थांबून ऐकत होती.

"येकदा आला हुता तुमच्याकडं. माफी मागाया. माज्याच गाडीवर आनलं हुतं त्याला, म्या खाली रस्त्याव थांबलो. गल्ल्यावरच्या साहेबांनी सांगितलं, ताई न्हाईत आज, बारामतीला गेल्यात. तसाच माघारी आला. वाटंत मला म्हणाला, ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

दिशाला तो दिवस ठाऊक होता. तारीखसुद्धा ठाऊक होती. म्हातारा जाब विचारायला आलाय असं समजून ती गोदामात खताच्या थप्पीमागं जाऊन उभी राहिली होती, आणि जाताजाता विजयसिंहांना तिनंच सांगितलं होतं, मी नाही म्हणून सांगा.

"मी होते, संभाजी," ती म्हणाली. "आत होते."

संभाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यानं खोरं उचललं आणि उरलेला खड्डा खणायला लागला.